ऑटोकॅड: प्रिंटमध्ये उभी मापं कमी, आडवी बरोबर. व्हीलचा घोळ आणि शॉर्टकटच्या सवयी

आडवीउभी

नमस्कार मंडळी. तीन वर्षं इंटिरियरवाल्यांकडे स्केचअपवर काम केलं, गेल्या दोन महिन्यांपासून नाशिकला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात आहे. इथे सगळं ऑटोकॅड. कॉलेजात शिकले होते तेवढंच येतं, त्यामुळे हात अजून बसलेला नाही.

काल एका बंगल्याच्या ग्राउंड फ्लोअर प्लॅनची ए२ प्रिंट काढली, १:१०० ला. साहेबांनी सवयीने त्यावर स्केलपट्टी ठेवली. बंगल्याची लांबी १२,००० मिमी, म्हणजे कागदावर १२० मिमी यायला हवी. येतेय ११९ च्या जरा आत. रुंदी ९,००० आहे, ती मात्र चोख ९०. डायमेन्शनचा आकडा बघितला तर 12000 लिहिलेलं. मॉडेलमध्ये `DI` मारून मोजलं तर तिथेही 12000. लेआउटमधून १:१ ला प्लॉट केलंय, व्ह्यूपोर्टचं स्केल १:१०० आहे. आता चूक शोधू कुठे? साइटवर मिस्त्री लोक लिहिलेलं नसलं की सरळ पट्टी लावून मोजतात, म्हणून भीती वाटतेय.

चौकोनी_चिवडा

प्लॉटरचा रोल घसरतो. आमच्याकडेही व्हायचं. ड्रायव्हरमध्ये कॅलिब्रेशन असतं ते करून घ्या. नाहीतर प्लॉटच्या खिडकीत कुठेतरी Fit to paper ला टिक राहिली असेल. मॉडेलमध्ये १२,००० येतंय म्हणजे ड्रॉइंग ठीक आहे, दोष कागदाच्या बाजूचा.

तरी एकदा `AUDIT` करून घ्या. फाइल बिघडली असेल तर `RECOVER`.

आडवीउभी

Fit to paper बंद आहे, तीनदा बघितलं. `AUDIT` ला शून्य एरर. त्याच प्लॉटरवरून त्याच दुपारी निघालेलं दुसऱ्या माणसाचं ड्रॉइंग दोन्ही बाजूंनी बरोबर आहे.

जुना_ड्राफ्ट्समन

फिट टू पेपर असतं तर दोन्ही मापं सारखीच आखडली असती. १२० चे ११९ झाले तर ९० चे ८९ आणि थोडं, असं काहीतरी दिसलं असतं. इथे एकच दिशा आखडली आहे. प्लॉटरवर दुसऱ्याचं काम बरोबर निघतंय, म्हणजे प्लॉटरही सुटला. राहता राहिलं ते बघण्याचा कोन. तुमचा व्ह्यूपोर्ट वरून सरळ बघत नाहीये, जरा वाकून बघतोय. टेबलावरचा कागद खुर्चीत बसून बघितला की उभा आखूड दिसतो, रुंदी तेवढीच राहते, तसं.

दोन गोष्टी करा. लेआउटमध्ये त्या व्ह्यूपोर्टच्या आत डबल क्लिक करा, बॉर्डर जाड होईल. मग `VIEWDIR` टाइप करून एंटर, आणि काय येतं ते इथे लिहा. बदलायचं काही नाही, नुसतं वाचायचं आहे. ड्रॉइंग वरून सरळ दिसत असेल तर `0.0000,0.0000,1.0000` यायला हवं.

दुसरं, खरं खरं सांगा: काम करताना शिफ्ट दाबून व्हील दाबलं होतं का?

आडवीउभी

काका, हे आलं:

```
VIEWDIR = 0.0000,-0.1392,0.9903 (read only)
```

आणि हो, दाबलं होतं. दाबलं काय, दिवसभर दाबतेच. स्केचअपमध्ये व्हील नुसतं दाबून ओढलं की मॉडेल फिरतं आणि शिफ्टसकट दाबलं की सरकतं. बोटांना तेच ठाऊक. परवा व्ह्यूपोर्टमध्ये प्लॅन मध्यभागी आणायला गेले तर तो वेडावाकडा झाला. मग हळूहळू ओढून परत सरळ आणला. डोळ्यांना अगदी सरळ दिसत होता!

जुना_ड्राफ्ट्समन

तिथेच गोची आहे. ऑटोकॅडमध्ये याच्या बरोबर उलट: नुसतं व्हील दाबलं की पॅन, शिफ्टसकट दाबलं की ऑर्बिट. तुम्ही सरकवायला गेलात आणि प्लॅन तिसऱ्या मितीत कलला. मग डोळ्याने सरळ केलात, पण डोळ्याला आठ अंश कळत नाहीत.

आठ कुठून आले ते सांगतो. तुमच्या आकड्यांतला मधला आकडा भागिले शेवटचा, ०.१३९२ भागिले ०.९९०३, म्हणजे ०.१४०६. हा ८ अंशांचा टॅन्जंट. ८ अंशांचा कोसाइन ०.९९०३. १२० गुणिले ०.९९०३ म्हणजे ११८.८ मिमी. साहेबांच्या पट्टीवर ११९ च्या आत आलं ते हेच. पहिला आकडा शून्य आहे, म्हणजे बाजूला कललेलं नाही, म्हणून ९० चे ९० राहिले.

डायमेन्शन चुकत नाही कारण ती खऱ्या रेषेची लांबी सांगते, कागदावर ती केवढी दिसते याच्याशी तिला देणंघेणं नाही. म्हणूनच ही चूक लपते. ४५० चा गोल कॉलम कागदावर साडेचार मिमीचा, तो ४.४६ झाला तर लंबगोल आहे हे कुणाला दिसणार?

मॉडेल टॅबमध्ये सगळं सरळ दिसत असणार. प्रत्येक व्ह्यूपोर्टची नजर स्वतंत्र असते, त्यामुळे मॉडेलकडे बघून व्ह्यूपोर्टची खात्री होत नाही.

चौकोनी_चिवडा

बरं, प्लॉटर नसेल. पण मग उपाय सोपा आहे. `PLAN` एंटर, `W` एंटर. संपलं. मी नेहमी हेच करतो. `W` म्हणजे वर्ल्ड, चुकायचा प्रश्नच नाही.

आडवीउभी

`PL` एंटर केलं तर पॉलीलाइन सुरू झाली :( दोन क्लिकही करून बसले.

खटपट्या

हाहा. `PL` पॉलीलाइनचं, `P` पॅनचं. बिचाऱ्या `PLAN` ला कंपनीने छोटं नावच दिलेलं नाही, पूर्ण टाइप करायचं. खाली सांगतो कसं देता येतं. आधी काकांना सोडवू द्या.

जुना_ड्राफ्ट्समन

चिवडा, अर्धं बरोबर आहे. दोन ठिकाणी फसाल.

एक. `PLAN` नजर सरळ करतं, पण त्याच झटक्यात अख्खं ड्रॉइंग व्ह्यूपोर्टमध्ये बसवतं. म्हणजे तुमचं १:१०० गेलं. सरळ झालं या आनंदात लगेच प्रिंट दिलीत तर आता दोन्ही मापं चुकतील. `PLAN` नंतर स्केल परत द्यायलाच हवं.

दोन. `W` नेहमी चालत नाही. आमच्याकडे रस्ता तिरका असला की साइट प्लॅनला `UCS` प्लॉटच्या हद्दीला समांतर फिरवून ठेवतो आणि शीटवर प्लॉट आडवा बसवतो. तिथे `W` दिलं तर प्लॉट कागदावर तिरका होतो, टायटल ब्लॉकला टेकतो. अशा ड्रॉइंगमध्ये `PLAN` ला नुसता एंटर, म्हणजे चालू `UCS` प्रमाणे सरळ. मात्र आधी तो `UCS` खरंच प्लॉटचाच आहे ना, हे बघून.

आडवीउभी, तुमचा बंगला सरळ आहे, तेव्हा तुमच्यासाठी असं. व्ह्यूपोर्टच्या आत असताना:

```
UCS      W
PLAN     (एंटर)
Z        1/100XP
```

मग नुसतं व्हील दाबून, शिफ्टला हात न लावता, प्लॅन जागेवर आणा. व्हील फिरवू नका, फिरवलं की स्केल परत गेलं. `PS` करून बाहेर या आणि व्ह्यूपोर्ट लॉक करा: `MV`, `L`, `ON`, मग बॉर्डरवर क्लिक आणि एंटर. लॉक केल्यावर आत जाऊन व्हील फिरवलंत तरी कागद झूम होतो, आतलं स्केल हलत नाही, आणि शिफ्टचा ऑर्बिटही चालत नाही. शेवटी आत जाऊन `VIEWDIR` पुन्हा वाचा. पहिले दोन आकडे शून्य हवेत.

ठाण्याचा_नकाशा

मी हे माझ्या फाइलवर करून बघितलं. `1/100XP` दिलं आणि प्लॅनचा ठिपका झाला. कुठे चुकलं?

जुना_ड्राफ्ट्समन

तुमचं ड्रॉइंग मीटरमध्ये असणार. पालिकेच्या कामात बरेच जण मीटरमध्येच काढतात. कागद मिमीमध्ये, ड्रॉइंग मीटरमध्ये, म्हणजे १ मीटर कागदावर १० मिमी. तुम्ही `10XP` द्या. `1/100XP` फक्त दोन्हीकडे मिमी असेल तेव्हा.

ठाण्याचा_नकाशा

झालं. धन्यवाद.

पर्वरीकर

माझाही व्हीलचाच प्रश्न आहे म्हणून इथेच विचारतो. मी व्हील दाबतो तेव्हा ना पॅन होत, ना फिरत. कर्सरपाशी Endpoint, Midpoint, Intersection अशी लांबलचक यादी उघडते. शिफ्ट दाबलं काय, सोडलं काय, तेच. गेल्या आठवड्यापर्यंत ठीक होतं. माउस बदलून झाला.

खटपट्या

`MBUTTONPAN` टाइप करा, बहुतेक 0 असेल. `1` करा. शून्य असलं की मधलं बटण पॅन सोडून स्नॅपची यादी उघडतं. एखादं लिस्प हे व्हेरिएबल बदलतं आणि परत जागेवर ठेवत नाही, तेव्हा असं होतं. गेल्या आठवड्यात कुणाकडून लिस्प आणलंत का?

पर्वरीकर

१ केलं, चालू झालं! होय, मित्राने क्षेत्रफळ काढायचं लिस्प दिलं होतं. आता तेच उघडून बघतो.

(काढून टाकणार नाही हं. क्षेत्रफळ फार छान काढतं.)

शारजाकर

आडवीउभी, तुमच्या हातांबद्दल सहानुभूती. माझ्या टेबलावर रेव्हिट आणि ऑटोकॅड दोन्ही असतात. ही दोघं एका स्वभावाची, नुसतं व्हील म्हणजे पॅन, शिफ्टसकट म्हणजे फिरवणं. पण शेजारचा मेकॅनिकलवाला सॉलिडवर्क्सवर असतो. तिथे नुसतं व्हील दाबलं की पार्ट फिरतो आणि पॅनला कंट्रोल लागतं. तो माझ्या मशीनवर बसला की पाच मिनिटांत काहीतरी करून जातो. त्याची कंट्रोल दाबायची सवय ऑटोकॅडमध्ये आली की आणखी गंमत: कंट्रोलसकट व्हील दाबून धरलं की ड्रॉइंग जॉयस्टिकसारखं आपोआप वाहत जातं, जेवढं लांब ओढाल तेवढं जोरात. त्याला वाटतं मशीन हँग झालं.

मी माझ्यापुरता नियम केलाय. ऑटोकॅडमध्ये प्लॅनवर काम करताना डावा हात शिफ्टवर नसतोच, अंगठा स्पेसवर असतो.

खटपट्या

शारजाकरांनी विषय काढलाच आहे तर आता माझी हौस भागवून घेतो.

ऑटोकॅडमध्ये स्पेस म्हणजेच एंटर, मजकूर लिहिताना सोडून. म्हणजे डाव्या हाताने `L`, अंगठ्याने स्पेस, उजव्या हाताने क्लिक. रेषा अर्धवट असताना पुढचा बिंदू पडद्याबाहेर असेल तर व्हील दाबून ओढा, कमांड मोडत नाही, रबरबँड तसाच लोंबत राहतो. पोहोचलात की क्लिक. शेवटची कमांड परत हवी तर नुसती स्पेस. नवीन मुलांना मी पहिले चार दिवस रिबन बंद करून बसवतो. शिव्या देतात, पाचव्या दिवशी देत नाहीत.

अडचण एकच. कंपनीने दिलेली छोटी नावं डाव्या हाताच्या सोयीने ठेवलेली नाहीत. `E`, `F`, `X`, `S`, `TR` डाव्या हाताखाली येतात. पण `M`, `O`, `CO`, `MI`, `RO` यांना हात उचलून उजवीकडे न्यावा लागतो, नाहीतर माउस सोडावा लागतो. `O` आणि `CO` दिवसातून किती वेळा लागतात ते तुम्हीच मोजा. म्हणून मी माझी नावं अशी ठेवलीत:

```
C,    *COPY
CC,   *CIRCLE
R,    *ROTATE
FF,   *OFFSET
PLN,  *PLAN
```

`R` मुळात `REDRAW` चं असतं, मला ते कधी लागलं आठवत नाही. शेवटची ओळ आजच टाकली, आडवीउभीच्या निमित्ताने.

हे लिहायचं `acad.pgp` मध्ये. Manage टॅबवर Edit Aliases आहे, ते दाबलं की फाइल नोटपॅडमध्ये उघडते. वर हात लावू नका, अगदी खाली जा, तिथे User Defined Command Aliases अशी जागा आहे, तिथेच लिहा. एकच नाव दोनदा असलं तर खालचं चालतं, त्यामुळे वरचं खोडायची गरज नाही. सेव्ह करा, `REINIT` टाइप करा, PGP File ला टिक, ओके. हे विसरलात तर ऑटोकॅड बंद करून उघडेपर्यंत काहीच बदलणार नाही, आणि तुम्ही मला शिव्या द्याल.

आडवीउभी

`C` कॉपीला दिलं तर रेषा काढताना `C` मारून आकार बंद करते ते बंद पडेल ना?

खटपट्या

नाही. तो `C` हा `LINE` च्या पोटातला पर्याय, त्याचा या फाइलशी संबंध नाही. ही फाइल फक्त रिकाम्या Command: समोर काय लिहिलं तेवढंच बघते. त्यामुळेच त्यात `ZOOM` चा `E` असं जोडून लिहिता येत नाही, नुसतं कमांडचं नाव. पर्यायासकट हवं असेल तर लिस्पची एक ओळ लागते. काकांच्या सल्ल्यातलं वर्ल्ड असं:

```
(defun c:PLW () (command "_.PLAN" "_W") (princ))
```

स्केल परत द्यायला मात्र विसरू नका, हे लिस्प ते करत नाही.

जुना_ड्राफ्ट्समन

माझा `C` बदलण्याला विरोध आहे आणि राहील.

मी सुरुवात केली ती ऑटोकॅड रिलीज १२ वर, डॉसमध्ये. व्हील नव्हतंच. झूम करायचं तर `Z`, `W`, दोन कोपरे. परत मागे जायचं तर `Z`, `P`. त्यामुळे ही अक्षरं बोटांत मुरली आहेत. माझ्या एका जुन्या ऑफिसात तीन मशीन आणि पाच माणसं होती. एकाने `C` कॉपीला दिलं. दुसरा बसला, `C`, स्पेस, मध्यबिंदू, त्रिज्या 225, असं न बघता मारत सुटला. कमांडने आधी ऑब्जेक्ट निवडायला सांगितलं होतं. याने क्लिक केला तिथे जुना कॉलम होता, तो निवडला गेला, आणि बाकीच्या अक्षरांचं काय झालं ते न बघताच हा पुढे गेला. संध्याकाळी दोन कॉलम एकावर एक. बांधकामात काही झालं नाही, पण कॉलमच्या यादीत एक जास्त मोजला गेला.

स्वतःचं मशीन असेल तर करा. सामाईक मशीनवर नवीन नाव जोडा, जुनं बदलू नका. `FF`, `PLN` ला माझी ना नाही.

खटपट्या

काका, तुमची फाइल तुमच्या विंडोज लॉगिनची असते. ती इथे राहते:

```
%AppData%\Autodesk\AutoCAD 2024\R24.3\enu\Support\acad.pgp
```

प्रत्येकाने स्वतःच्या लॉगिनने बसलं तर हा प्रश्नच येत नाही.

जुना_ड्राफ्ट्समन

तीन मशीन, पाच माणसं, एक लॉगिन, पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला. आपण कोणत्या ऑफिसबद्दल बोलतोय ते आधी ठरवू.

शारजाकर

+१. हेच चित्र इथेही.

आणि खटपट्या, नवीन व्हर्जन टाकलं की आपली नावं आपोआप येतील या भरवशावर राहू नका. त्या खालच्या जागेतल्या ओळी कॉपी करून मेलवर स्वतःला पाठवून ठेवा.

ठाण्याचा_नकाशा

सवयीचाच विषय आहे तर सांगतो. मी वर्षानुवर्षं ट्रिमला `TR`, स्पेस, स्पेस असं मारायचो, दुसरी स्पेस म्हणजे सगळ्याच रेषा कापायच्या कडा. २०२१ आल्यावर ट्रिम सुरू होऊन लगेच बंद व्हायचं. मला वाटलं स्पेस बार खराब झाला, कीबोर्डही बदलला. मग कळलं की आता ते मुळातच सगळ्या कडा धरतं, त्यामुळे दुसरी स्पेस म्हणजे कमांड बंद. `TRIMEXTENDMODE` 0 केलं की जुनं वागणं परत येतं. मी शेवटी 1 वरच ठेवलं आणि दुसरी स्पेस सोडायला दोन आठवडे घेतले.

चौकोनी_चिवडा

कीबोर्ड बदलला :D

आडवीउभी, पुढे काय झालं? प्रिंट काढली का परत?

आडवीउभी

काढली. आता १२० आणि ९०, दोन्ही. `VIEWDIR` शून्य, शून्य, एक. व्ह्यूपोर्ट लॉक केला. `PLN` पण टाकलं, `C` ला हात लावला नाही, काकांचा मान राखून.

एक शंका राहिली. माझ्या मशीनवर `UCS` चा तो कोपऱ्यातला आयकॉनही दिसत नाही आणि वरचा व्ह्यूक्यूबही नाही. असते तर मला आधी कळलं असतं का?

जुना_ड्राफ्ट्समन

व्ह्यूक्यूबवर कळलं असतं. आठ अंशांतसुद्धा Top च्या खाली Front ची पातळ पट्टी दिसायला लागते. `NAVVCUBE` टाइप करून `ON` द्या. आयकॉनसाठी `UCSICON`, `ON`. ऑफिसच्या टेम्प्लेटमध्ये जागा अडते म्हणून कुणीतरी बंद करून ठेवले असतील.

आता मी विचारतो. ते लेआउट तुम्ही नवीन बनवलं होतं, की कुठल्या तरी लेआउटची कॉपी करून?

आडवीउभी

ग्राउंड फ्लोअरचं मीच बनवलं. नंतर त्याचीच कॉपी करून फर्स्ट फ्लोअर, टेरेस आणि सेंटरलाइन प्लॅन.

...

अरे देवा.

शारजाकर

कॉपीबरोबर कललेली नजरही गेली असणार.

आडवीउभी

चारही लेआउटमध्ये जाऊन `VIEWDIR` वाचलं. ग्राउंड आता सरळ. फर्स्ट फ्लोअर सरळ, कारण तो मी शिफ्टचा घोळ व्हायच्या आधीच कॉपी केला होता. टेरेस आणि सेंटरलाइनला तेच `-0.1392`. दोन्ही कलले आहेत.

टेरेसची प्रिंट टेबलावरच आहे. सेंटरलाइनची सोमवारी साइटवर गेली. तिच्यावर ग्रिडची सगळी मापं लिहिलेली आहेत, पण कंपाउंडपासून पहिल्या ग्रिडचं अंतर लिहायचं राहिलंय. म्हणजे ते मिस्त्री पट्टीनेच मोजणार. कागदावर ते ३० मिमीचं असायला हवं, येणार २९.७. जागेवर तीन मीटरला साधारण तीन सेंटिमीटर कमी. आखणी झाली की नाही ते विचारायला साइटला फोन लावतेय.

चौकोनी_चिवडा

फोनवर लिहिलेलं मापच वापरायला सांगा, नसेल तिथे तुम्हाला विचारायला सांगा. नवीन प्रिंट पोचेपर्यंत जुनी बाजूला ठेवायला सांगा.

आडवीउभी

लागला फोन. आखणी उद्या सकाळी आहे. अंतर तोंडी सांगितलं आणि व्हॉट्सअॅपवर लिहूनही पाठवलं. आता नवीन प्रिंट काढते आणि साहेबांकडे जाते. प्लॉटर बदलायचं कोटेशन मागवायचं म्हणत होते ते.